एकाच नावाचे दोन जन्मदाखले

शालेय स्पर्धांच्या नोंदणीचे दिवस आले की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. गेवराई तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी खेळाची शिक्षिका आहे. पण त्या दोन आठवड्यांत मी खेळ शिकवत नाही, जन्मतारखा शिकवते. त्याही पोरांना नाही, त्यांच्या आईबापांना.

दरवर्षी तेच. फळ्यावर मोठ्या अक्षरात एकतीस डिसेंबर लिहायचं आणि घसा खरवडून सांगायचं, "ह्या तारखेपर्यंत चौदा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. चौदावं लागलेलं चालतं, चौदा पुरी झालेली चालत नाहीत. पुढच्या सतरा आणि एकोणीसच्या गटालाही हाच हिशेब. वर्ग कितवा आहे ते कुणी बघत नाही, तारीख बघतात. शाळेच्या रजिस्टरातली तारीख, आणि तिच्या जोडीला जन्मदाखला. आधार कार्ड ओळख पटवायला, वय ठरवायला नाही." एवढं बोलून झालं की मागून हमखास आवाज येतो, "पर मॅडम, माझं पोरगं आठवीतच हाय, मंग कावून काढलं?"

आता काय करावं ह्या माणसांचं! आणि हे निदान भोळे तरी. दुसरे असतात बेरकी. एका बापाने मला सरळ विचारलं होतं, "दीड वर्ष कमी करून आणतो दाखला, चालंल का?" भाजीवाल्याला दोन रुपये कमी करायला सांगावं तसं. एकाने खोडलेल्या आकड्यावर पुन्हा गिरवून आणलं होतं, तेही वेगळ्या शाईने. पंधरा वर्षं हेच बघून माझी नजर पोलिसासारखी झाली आहे. कागद हातात आला की मी आधी खाडाखोड शोधते, मग नाव वाचते. ह्या सवयीचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी सभेला बरेच पालक होते. नोंदणी ऑनलाइन असते आणि तिची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार होती. मी सारखी घड्याळाकडे बघत होते, खुर्चीवर दोन मिनिटं टेकत नव्हते. यादीतून सहा नावं काढली होती. त्यात सहाशे मीटर धावणारी एक मुलगी होती, आठवीतली. मेंढपाळाची पोर, वर्गात सगळ्यांत बारकी, पण निवड चाचणीत तिने बाकीच्यांना अर्ध्या फेरीने मागे टाकलं होतं. जिल्ह्यापर्यंत ही जाणार, असं मी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगून बसले होते. आणि रजिस्टर उघडलं तर सप्टेंबरात तिची चौदा पुरी होत होती. सहाशे मीटर फक्त चौदाखालील गटात असते. वरच्या गटात गेली तर तिला पंधराशे धावावं लागणार, तेही सोळा वर्षांच्या पोरींबरोबर. मी आठवडाभर चडफडत होते.

तिची आई शेवटच्या बाकावर बसली होती. सगळे उठायला लागले तशी ती पुढे आली आणि पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नवा कोरा जन्मदाखला. तोच गाव, तेच आईबाप, मुलीचं नाव तेच. तारीख मात्र सव्वादोन वर्षांनी पुढची. ह्या कागदाप्रमाणे ती येत्या डिसेंबरात बारा वर्षांची होणार होती.

माझं टाळकंच सरकलं. "ताई, लाज वाटते का काही?" मी म्हणाले. दहाबारा जण अजून दारात होते, त्यांनी ऐकावं म्हणून मुद्दाम आवाज चढवला. "एका पोरीला देव दोनदा जन्माला घालतो काय? एक दाखला शाळेत आहे, दुसरा आज उगवला! सगळ्यांना पोरं लहान करून पाहिजेत. सापडलं तर तुमचं काही जात नाही, शाळेवर बंदी येते."

ती बाई रडली नाही, चिडलीही नाही. खाली बघून म्हणाली, "दोन हायेत मॅडम. दोघींचे दोन दाखले हायेत. थोरली आठ म्हयन्याची आसताना गेली."

मी तिला खुर्ची ओढून दिली. तेवढंच सुचलं.

मग तिने सांगितलं ते असं. थोरली तापाने गेली तेव्हा हे मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरले होते. तिथेच पुरली. नोंद कोण करणार आणि कुठे? दीड वर्षाने दुसरी झाली तेव्हा सासू म्हणाली, तीच परत आली. म्हणून नाव तेच ठेवलं. ही सरकारी दवाखान्यात झाली, नोंद झाली, पण दाखला आणायला कुणी गेलंच नाही, कारण मेंढरं पुढे निघाली होती. पुढे वस्तीवरच्या शाळेतले गुरुजी पटासाठी पोरं गोळा करत आले आणि जन्माचा दाखला मागितला. घरात पेटीत एकच दाखला होता, थोरलीचा. बापाने तोच काढून दिला. "नाव तेच हाय, मंग कागद बी तोच, आसं वाटलं त्यास्नी." साडेचार वर्षांची पोर पावणेसातची म्हणून पहिलीत बसली आणि तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून आमच्याकडे आली. चाचणी जिंकून पोर घरी नाचत गेली, दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव काढलं, आणि आईने चार दिवस हेलपाटे घालून दवाखान्याच्या नोंदीवरून हा खरा दाखला मिळवला होता. त्या कागदावर मी थुंकल्यासारखं बोलले होते.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या, मॅडम. माझी बारकी पळंल का तेवढं सांगा."

मी तिथून उठले ती थेट आमच्या बाबूंकडे. शाळेचे क्लार्क, माणूस नियमाचा पक्का. ते म्हणाले, पोर शाळेत आहे तोवर जन्मतारीख दुरुस्त होते, पण शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आधी वस्तीवरच्या शाळेचं रजिस्टर, मग आपलं. एका नावाचे दोन दाखले दिसले की वरून पहिला प्रश्न हाच येणार, थोरली कुठे आहे? तिच्या मृत्यूची नोंद आणा म्हणतील. इतक्या वर्षांनी ती नोंद करायची तर तिलाही वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. "चार-सहा महिने धरा," बाबू म्हणाले. आमची मुदत उद्या संध्याकाळची!

खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. नवा दाखला अपलोड करावा, रजिस्टरचा उतारा कोण एवढा बारीक वाचतो? आणि ह्यात खोटं तरी काय होतं, पोर खरंच लहान होती. मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर चार येरझाऱ्या घातल्या आणि मग आत जाऊन बोलले. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तुम्हीच दरवर्षी पालकांना सांगता ना, मॅडम? आज रजिस्टरात जे आहे तेच. उद्या कुणी आक्षेप घेतला तर पोरगी मैदानातून हात धरून बाहेर काढतील." मला राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

बाहेर येऊन मी पोरीच्या आईला सगळं समजावलं. ह्या वर्षी सहाशे नाही. पळायचं तर सतराखालील गटात, रजिस्टरातल्या तारखेने. दुरुस्तीचा अर्ज आत्ताच घातला तर पुढच्या वर्षी पोर हक्काने चौदाच्या आत. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंजी थोरली मेली आसं मला लिहून द्यावं लागंल?"

"हो."

"न्हाई जमायचं," ती म्हणाली आणि उठली. दारापर्यंत जाऊन थांबली. "तुमाला येडपटावाणी वाटंल. शाळंत हजेरी घेत्यात, गुणपत्रक येतं, त्याच्यावर थोरलीची तारीख आसती. मला वाटायचं ती बी शिकायलीय. ह्या वर्साला आठवीत गेली." एवढं बोलून ती निघून गेली. घरी भाजी करपली, नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मायलेकी दारात उभ्या होत्या. पोरीचे डोळे सुजलेले होते, तिला सकाळीच सगळं सांगितलं होतं म्हणे. आई म्हणाली, "लिवा मॅडम. जित्या पोरीचं वय मेलेलीनं कावून खावं?" मी अर्ज लिहायला घेतला. मृत्यूच्या तारखेपाशी थांबले, कारण आमच्या भागातल्या बाया तारखा सांगत नाहीत, बाजाराचा वार नाहीतर सण सांगतात. ती मात्र एका दमात बोलली. तारीख, महिना, साल, वार, आणि ऊन डोक्यावर आलं होतं हेसुद्धा. मग सही केली. ती सही करत होती तोवर पोरीने दुसऱ्या बाजूने कागद दाबून धरला.

संध्याकाळी मुदत संपायच्या आत मी सतराखालील मुली, पंधराशे मीटर, असं भरलं. जन्मतारखेच्या रकान्यात थोरलीची तारीख टाकली. पोर म्हणाली होती, "पळते मॅडम, नुसतं घरी बसून काय करू?"

तालुक्याच्या मैदानावर साडेसात फेऱ्या होत्या. सोळा-सोळा वर्षांच्या थोराड पोरी आणि त्यांच्यात ही, त्यांच्या खांद्याला लागणारी. तीन फेऱ्या पुढच्यांना चिकटून होती, मग मागे पडत गेली. बारा जणींत सातवी आली. पहिल्या दोघीच जिल्ह्याला जाणार होत्या, म्हणजे आमचं ह्या वर्षीचं संपलं. मला सहाशे मीटरचं इतकं वाईट वाटत होतं की मी हातातलं घड्याळ बंद करायचं विसरले.

आई दोरीपलीकडे उभी होती. पूर्ण शर्यतभर ती त्या एकाच नावाने ओरडत होती, आणि आता तिचा आवाज पार बसला होता. पोर धापा टाकत येऊन तिच्या कमरेला बिलगली. मी जवळ गेले. म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी आपली बारकी सहाशेला नक्की जिल्ह्याला जाईल. ह्या वर्षी राहिलं."

तिने पोरीच्या पाठीवरचा नंबराचा कागद हलकेच सोडवला, सरळ केला आणि घडी घालून पदरात बांधला.

"राहिलं कुठं, मॅडम," ती म्हणाली. "औंदा थोरली पळली."