ग्रंथपालबाईंची तुटक रेघ

विश्वस्तांनी शाळेचा रचनातक्ता मागवला होता: कोण कोणाच्या हाताखाली, ते एका पानावर दिसले पाहिजे. शहराच्या विजयनगर भागातल्या त्या शाळेत मी प्रशासन अधिकारी होतो. वर विश्वस्त मंडळ, त्याखाली मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखाली एकीकडे शिक्षक, दुसरीकडे मी. माझ्याखाली कारकून, शिपाई, बसचालक. इथवर हात अडला नाही. ग्रंथपालबाईंपाशी अडला. सकाळी त्या वाचनालयात, म्हणजे थेट मुख्याध्यापिकांच्या हाताखाली. दुपारी प्रवेशअर्ज तपासायला माझ्या कचेरीत. त्यांची चौकट मी कितीदा खोडली, सांगता येत नाही. शेवटी दोन्हीकडून तुटक रेघा ओढल्या. कोणाचेच मन दुखावायला नको, असे मी स्वतःला समजावले.

तक्ता फलकावर लागला, त्याच दुपारी बाई वाचनालयाच्या किल्ल्या घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच शहरातल्या नजरबाद भागातल्या, जुन्या मराठी घराण्यातल्या. बोलणे निम्मे कन्नडात भिजलेले.

"सर, मला काढणार काय?"

"कोण म्हणाले?"

"तुमचा कागदच म्हणतो की. सगळ्यांची लाईन गट्टी, सलग, माझी एकटीची तुकडे तुकडे. फॉर्मवर असली लाईन असते बघा, तिथं कात्री लावायची असते."

तुटक रेघ म्हणजे दुय्यम जबाबदारी, असे मी समजावू लागलो. त्यांनी शांतपणे विचारले, "दोन्ही दुय्यम, तर मुख्य कोण? रजा कुणाकडं मागू?"

मी टेबलावरची तक्त्याची प्रत पुढे ओढली.

"अम्मा आजारी होती तेव्हा तुम्ही म्हणालात, मॅडमना विचारा. मॅडम म्हणाल्या, सरांना विचारा. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघांनी हो म्हटलं. परवागिल्ला, असू दे सर, होऊन गेलं ते. पण आता कागदावरपण तसंच?"

त्यांची आई त्या तिसऱ्या दिवसाआधीच गेली होती. हे मला ठाऊक होते, आणि तरीही त्या रेघा मी सौजन्य समजून ओढल्या होत्या. ते सौजन्य होते की निर्णय टाळण्याची माझी जुनी सवय, हे मला आजही नीटसे उलगडलेले नाही.

मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. "रजा आणि कामाचा वार्षिक अहवाल ज्याच्याकडे, त्याचीच रेघ," त्या म्हणाल्या, "इतकं साधं आहे." मग तक्ता मला परत देत: "मलाही त्यांच्या आईच्या वेळी हे सुचलं नव्हतं." नव्या तक्त्यात त्यांच्याकडून बाईंकडे एकच सलग रेघ गेली, माझी पुसली. प्रवेशाचे काम असले, तर मी आधी मुख्याध्यापिकांना विचारायचे ठरले.

बाईंनी नवा कागद बराच वेळ पाहिला. "म्हणजे ओरडणारं आता एकच," त्या म्हणाल्या आणि किल्ल्या घेऊन वाचनालयात परत गेल्या.

पुढच्या महिन्यात आईच्या वर्षश्राद्धासाठी त्यांनी रजा मागितली. ती त्याच दिवशी मंजूर झाली, हे मला हजेरीपटावरून कळले. मला सांगायला त्या आल्या नाहीत. त्यांनी यायचे कारणही नव्हते. तरी त्या दुपारी मी दाराकडे का पाहत राहिलो, कोण जाणे.