धारेचा क्रम

गायीच्या कासेचा आजार दिसण्याआधीच ओळखणारं संगणकाचं मॉडेल आम्ही बेल्ह्याच्या दूध केंद्रात शिकवत होतो. प्रत्येक रनआधी, म्हणजे शिकवणीच्या फेरीआधी, डेटा तपासणं माझ्याकडे होतं. त्या सकाळी रकान्यांची नावं आणि प्रकार जुळले, रिकाम्या नोंदीही मोजक्याच होत्या. आदल्या रनचे अंदाज मात्र संशय यावा इतके अचूक होते आणि दुसऱ्या दिवसापासून गोठ्यांना इशारे जाणार होते. मॉडेलचा सगळा भार ‘धारेचा क्रम’, म्हणजे कोणत्या गायीची धार कितवी काढली, या एका रकान्यावर होता. मी एका गोठेवाल्या बाईंना फोन केला.

“आजारी गायीची धार आमी शेवटीच काढतो, भाऊ. तुमच्या मशीनला एवढं बी ठावं न्हाई?”

म्हणजे गोठ्यात आजार कळल्यावरच क्रम बदलत होता आणि मॉडेल त्यावरूनच आजार ‘ओळखत’ होतं. तो रकाना काढून रन घेतला. आता मॉडेलला आजार दिसण्याआधी काहीच ओळखता येईना. इशारे थांबवल्याचं मी केंद्राला कळवलं आणि जेवायला गेलो.