डब्यातल्या पोळीचा घाम

निवृत्त झालो आणि बायकोचा डबा भरायचं काम माझ्याकडे आलं. मागितलं नव्हतं, पण नाकारण्यासारखं कारणही सापडलं नाही. आमच्या या हिंदीभाषक शहरात, पडाव नावाच्या भागाजवळच्या एका शाळेत ती शिकवते. सकाळी सातला शिंदे की छावनीतल्या आमच्या घरातून निघते आणि मधल्या सुट्टीत, साडेदहा-अकराला, स्टाफरूममध्ये डबा उघडते. पोळ्या ती करायची, भाजीही तीच. गुंडाळणं आणि भरणं माझं. मी आयुष्यभर बँकेत नोटांच्या गड्ड्या बांधल्या होत्या. त्यामुळे हे जमेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

पहिले काही दिवस मी पोळ्या तव्यावरून उतरल्या उतरल्या फॉइलमध्ये घट्ट बांधून दिल्या. कडा दुमडून, हवा जायला जागा नाही अशा. पुडकं देखणं दिसायचं. एका संध्याकाळी तिने चपला काढता काढता विचारलं, "अहो, पोळ्यांवर पाणी शिंपडता का?"

"नाही."

"मग खालच्या दोन ओल्या कशा? कागदासारख्या सुटून येतात."

मी विचार केला. पोळी गरम असते तेव्हा तिच्यातून वाफ निघते. फॉइलमधून वाफ बाहेर जात नाही. ती वर चढून थंड धातूला लागते, पाणी होते आणि पुन्हा पोळीवर पडते. म्हणजे पाणी मी शिंपडत नव्हतो, पोळीच शिंपडत होती. हे मी तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही बँकेत असताना मीसुद्धा फॉइलच लावायची. तुमच्या पोळ्या ओल्या असायच्या का?"

"असायच्या."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मला वाटलं डब्यातली पोळी अशीच असते."

ती चहा ठेवायला आत गेली. चहा मात्र रोजच्यापेक्षा गोड होता, हे मला आठवतं.

त्याच आठवड्यात फॉइलने दुसरा त्रास दिला. लिंबाच्या लोणच्याची स्टीलची वाटी मी वरून फॉइलने झाकली होती. वाटी वाकडी झाली आणि रस फॉइलला लागत राहिला. डबा परत आला तेव्हा त्या झाकणाला सुईने टोचावीत तशी भोकं पडली होती आणि कडेला काळपट डाग होता. आंबट, खारट आणि खाली स्टील, एवढं ॲल्युमिनियमला सोसत नाही. तेव्हापासून लोणचं झाकणाच्या डबीत जातं.

मग मी क्लिंग फिल्म आणली, ते पारदर्शक प्लास्टिक, स्वतःलाच चिकटतं ते. थालीपीठ होतं. गरम गरम गुंडाळलं. तिचा फोन मधल्या सुट्टीतच आला. "अहो, हे काढू कसं?" फिल्म थालीपीठाच्या तेलावर ऊन होऊन मऊ पडली होती आणि काही जागी त्याच्याशी एकरूप झाली होती. मी म्हटलं, तेवढा भाग टाकून दे. ती म्हणाली, तेवढा म्हणजे सगळाच. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, गरम व तेलकट पदार्थाला लागू देऊ नये. मी चष्मा लावून ते संध्याकाळी वाचलं. फिल्म आता फ्रीजमधल्या दह्याच्या वाडग्यावर असते, दह्याला न लागता. तिथे तिची वागणूक चांगली आहे.

पुण्याहून मुलीने मधमाशीच्या मेणाची कापडं पाठवली. सुती कापड, त्यावर मेण लावलेलं, वर पिवळी फुलं. हाताच्या उबेने मऊ होतात आणि घडी तशीच राहते. "बाबा, प्लास्टिक बंद करा," असं तिने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, करतो. दुसऱ्या दिवशी तव्यावरच्या पोळ्या थेट त्या फुलांमध्ये ठेवल्या.

त्या दिवशी बायको घरी आली ती ओट्याशी न जाता खुर्चीतच बसली.

तिच्या शाळेत एक जैन सहकारी आहे, तिच्याहून बरीच लहान. वर्षानुवर्षं दोघी डबा वाटून खातात. माझ्या बायकोच्या दोन पोळ्या तिच्या, तिची मुगाची डाळ हिची. त्या दिवशी कापड उघडलं तर पोळीच्या पोटावर मेणाचे पातळ, चमकणारे डाग होते आणि गोडसर वास येत होता. मेण गरम पोळीपुढे टिकत नाही. वितळून तिच्यावर उतरलं होतं. सहकारी म्हणाली, "दीदी, शहद लगाया है क्या?"

बायकोने खरं सांगितलं. शहद नाही, पण मधमाशीचंच आहे.

सहकारीने तुकडा तोंडाजवळ नेला होता, तो खाली ठेवला. तिच्या घरी मध खात नाहीत. "आज रहने दो दीदी," एवढंच म्हणाली आणि आपली डाळ मात्र नेहमीसारखी वाढली.

"चिडली का?" मी विचारलं.

"चिडली असती तर बरं होतं. डाळ वाढली ना तिने. मला गिळवेना."

मी डबा रिकामा केला. कापडं गार पाण्याने धुतली, कारण ऊन पाण्याने उरलेलं मेणही गेलं असतं. आता त्यांत काकडी असते, चिरलेली फळं असतात, गार भाकरी असते. त्यासाठी ती उत्तम आहेत. मुलीला मी वापरतो म्हणून सांगितलं, तेही खरंच होतं.

मग बाजारात जाऊन बटर पेपर आणला. दुकानदाराला विचारलं, यावर मेण आहे का? तो म्हणाला, "अंकल, दोनों आते हैं।" मी बिनमेणाचा घेतला. घरी येऊन एका पोळीवर प्रयोग केला. कागद तेल बाहेर सोडत नाही, पण वाफेला थोडी वाट देतो आणि ओल जराशी टिपतो. एकच उणीव: ऊब धरत नाही. पोळी कोरडी राहते आणि लवकर गार होते. म्हणून आता पोळ्या जाळीवर ठेवून वाफ जाऊ देतो, त्या नुसत्या उबदार राहिल्या की बटर पेपरमध्ये, त्यावर सुती रुमाल, आणि सगळ्यात बाहेर फॉइल, सैल. फॉइल ऊब राखतं आणि पोळीला शिवत नाही.

पहिल्या दिवशी बायकोने ते सहकारीपुढे लगेच उघडलं नाही. आधी सांगितलं, "देख, अब इसमें कागज़ है, मोम नहीं। साहब ने दुकान में पूछकर लिया है।" पुडकं उघडल्यावर सहकारीने कागदाचा वास घेतला. मग पोळी घेतली. आणि विचारलं, "बटर पेपर में बटर होता है?"

"मी म्हटलं, नाही," असं मला घरी सांगताना तिला हसू आवरेना. मीही दुकानात हेच विचारणार होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढे एका रविवारी ती सहकारी आमच्याकडे आली, आपल्या नवऱ्याच्या डब्याची तक्रार घेऊन. त्याच्याही पोळ्या ओल्या होत होत्या. मी तिला जाळी दाखवली. "अंकल, इतना रुकना पड़ता है?" तिने विचारलं.

"हाँ," मी म्हटलं, "बस उतना ही, जितने में भाजी डब्बे में भर जाए।"

तिने मान डोलावली आणि बायकोला म्हणाली, "दीदी, हमारे वाले तो इतना रुकते ही नहीं।" दोघी हसल्या. मी जाळी धुवायला घेतली.