बिनधुराची दुपार

रिफायनरीत त्याला सगळे ‘वाफराव’ म्हणत. कंट्रोल रूममध्ये बसून उंच चिमणीच्या ज्वाळेला वाफ पाजणं, हे त्याचं काम. नवख्याला तो पोट पुढे काढून सांगे, “टाक्यांत, नळांत दाब वाढला की जास्तीचा गॅस इथे येतो. कोंडला तर स्फोट, तसाच सोडला तर विषारी. म्हणून जाळायचा. वाफ हवा ओढून घेते, म्हणून धूर होत नाही.” ज्वाळा स्वच्छ दिसली की स्वारी अशी खूश, जणू ती यानेच जन्माला घातली!

थोरली बहीण कारखान्याच्या भिंतीलगत राहायची. तिला दमा. घर विकून दूर जायचं तिने ठरवलं होतं, आणि त्या दुपारी गिऱ्हाईक येणार होतं.

“आज धूर दिसला ना, तर तोंड दाखवू नकोस,” तिने फोनवर बजावलं.

“ताई, माझ्यावर सोड. काजळीचा कणही दिसणार नाही.”

नेमका त्याच दुपारी, चिमणीकडे जाणारा गॅस परत भट्ट्यांकडे वळवणारा कॉम्प्रेसर बंद पडला. सगळा गॅस चिमणीवर. पडद्यावर ज्वाळा फुगली, काळवंडली. वाफरावाने वाफ वाढवली. धूर गेला. तरी त्याचं समाधान होईना. बहिणीची ताकीद डोक्यात. आणखी वाढवली.

“अहो, ज्वाळा दिसेना झाली!” शेजारचा ऑपरेटर म्हणाला. “वाफेने ती फार गार कराल, तर अर्धा गॅस न जळताच जाईल.”

“तुला धूर हवाय का?” वाफराव खेकसला.

बाहेर आभाळ निळंशार. गिऱ्हाईक बहिणीबरोबर तिच्या गच्चीवर चढलं. “वा, इथे प्रदूषण नाहीच की!” म्हणालं. वारा पडला होता. आधी सडक्या अंड्यांचा वास आला. मग डोळे झोंबले, घसा आवळला. गिऱ्हाईक खोकत, जिना उतरून पळालं. बहीण जिन्यातच कोसळली.

वाफराव दवाखान्यात पोचला तेव्हा तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने तो बाजूला केला.

“धूर दिसला की खिडक्या लावून घेत होते रे मी,” ती धापा टाकत म्हणाली. “आज तूच म्हणालास, धूर दिसणार नाही. म्हणून उघड्याच ठेवल्या.”

“ताई, मला वाटलं...”

“गिऱ्हाईक गेलं हातचं. मला तिथेच मरायला सोडलंस.”

इतक्यात त्याचा फोन वाजला. साहेब होते. “शाब्बास! वरचे लोक जाम खूश. काळा ठिपकासुद्धा नाही. उद्या पाहुणे येतायत, आजच्याइतकीच वाफ ठेव.”

बहीण मास्क हातात धरून त्याच्याकडे बघत होती. वाफरावाने पाठ फिरवली.

“हो, साहेब,” तो म्हणाला.