खाटेशेजारची उत्तरं

आई गेली आणि पुढच्याच महिन्यात मी पीएचडीचा पायलट, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी, हातात घेतला. लोकांना वाटलं, दुःख विसरायला. पण विसरायला आधी दुःख व्हावं लागतं, आणि मला काहीच होत नव्हतं. लकवा मारल्यापासून ती अंथरुणावरच होती, आणि तिचं सगळं मीच करायचे. भेटायला येणारे म्हणायचे, "सुटल्या हो. तुम्हीही सुटलात." मी मान डोलवायचे आणि चहा टाकायचे. एकदाही रडू आलं नव्हतं. आपल्या आत काही मोडलं की काय, अशी भीती वाटायची, पण तीही शेजारणीची असावी इतकी लांबून.

मी सांगलीत नर्सिंग शिकवते. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बाईवर किती भार पडतो, हा माझा विषय. प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणली होती, तज्ज्ञांनी तपासली होती. ती खऱ्या घरात चालते का, हे मुख्य अभ्यासाआधी थोड्या बायकांवर पाहायचं होतं. प्रश्न कळतात का, वेळ किती लागतो, आणि दोन आठवड्यांनी त्याच बाईला तेच विचारलं तर उत्तर तेच येतं का. मुख्य अभ्यास सांगली जिल्ह्यातला, म्हणून पायलट मुद्दाम साताऱ्याकडे, कोरेगावात ठेवला. पायलटमधल्या बायका मुख्य अभ्यासात धरत नाहीत. ही नुसती रंगीत तालीम.

पहिली फेरी सुरळीत झाली. 'भावनिक ताण' मात्र कुणाच्या पचनी पडेना. "जिवाला घोर म्हणा की," एकजण म्हणाली. मी तेच घातलं. दुसऱ्या फेरीत बहुतेक घरांतली उत्तरं पहिल्याशी इतकी जुळली की माझ्या मार्गदर्शक मॅडम फोनवर म्हणाल्या, "भट्टी जमली बरं का." मी बरं म्हटलं. एरवी मी चार जणींना पेढे वाटले असते.

शेवटचं घर राहिलं होतं. दारात गेल्यावर कळलं, मधल्या दोन आठवड्यांत त्या बाईची सासू वारली. लोखंडी खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. आता ती कुणाचं करत नव्हती, म्हणजे तिला दुसऱ्यांदा विचारून उपयोग नव्हता. परिस्थितीच बदलली, तर उत्तरं जुळवायची कशाशी? मी भेटायला आल्यासारखी टेकले.

"विचारा की," ती म्हणाली. "एवढ्या लांबनं आलाय."

"ताई, आता ते धरता येणार नाही. हे कागद अभ्यासात कुठेच जाणार नाहीत."

"मग तर विचाराच."

मी विचारत गेले. सुटका व्हावी असं वाटतं का, या प्रश्नाला पहिल्या वेळी ती सासूची गोधडी सारखी करत पटकन म्हणाली होती, कधीच न्हाई. आता तिचे हात मोकळे होते.

"रोज वाटायचं."

मी वर पाहिलं.

"तवा कसं सांगू, मॅडम? आत्याबाई ऐकत हुत्या न्हवं का. बोलता येत न्हवतं, पर ऐकू लय चांगलं यायचं."

माझी पेन्सिल थांबली. या बायकांना माणसाजवळून हलता येत नाही, म्हणून मी प्रत्येकीला खाटेशेजारीच बसवून विचारलं होतं. दुसऱ्या वेळीही तिथेच. उत्तरं जुळणारच. दोन्ही वेळा सगळ्या जणी आजाऱ्याला ऐकवता येईल तेच सांगत होत्या, आणि आमची भरवशाची प्रश्नावली ते इमानेइतबारे टिपत होती. पुढे मॅडमनी पायलट पुन्हा करायला लावला. पहिले पाढे पंचावन्न. या वेळी एका सोबतिणीने आजाऱ्यापाशी बसायचं आणि बाईला परसात नेऊन विचारायचं, असं ठरलं. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मी कागद आवरत होते. तिने विचारलं, "तुमच्या घरी हाय का कोण असं?"

"आई होती. दोन महिने होत आले जाऊन."

"तुमीच करत हुता?"

"मीच."

"मग तुमाला वाटायचं?"

नाही, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आईच्या खोलीत मी ते इतक्यांदा दिलं होतं, तिने न विचारता. मी उभ्या खाटेकडे पाहिलं, मग दाराकडे.

"रोज," मी म्हणाले. तेही हळू आवाजात.

ती सरकून जवळ बसली. तेव्हा मला रडू फुटलं. आई जाऊन इतके दिवस झाले होते, आणि मी अजून तिला ऐकू जाईल म्हणून गप्प होते.