दोन कविता आणि एकच माइक

एम.ए.च्या वर्गातून एकच निबंध विभागाच्या चर्चासत्रात वाचला जाणार होता. तो माझाच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. मोर्च्यांची पत्रकं लिहून माझा हात तयार झालेला.

विषय होता दोन कवितांची तुलना. एकीत खाणीतला बाप, दुसरीत मिरची निवडणारी आई. मी पत्रकासारखंच लिहिलं: आधी बापाची कविता संपूर्ण, मग आईची संपूर्ण. माझी रूममेट विदर्भातली, मिरचीच्या भिवापूरची. तिनं एकेक मुद्दा घेतला. राग, मग हातांची प्रतिमा, मग शेवट. दर मुद्द्याला दोन्ही कविता शेजारी शेजारी.

निवड तिची झाली.

"तुझे दोन निबंध झालेत," सर मला म्हणाले. "दुसऱ्या भागात पहिल्या कवितेचं नावही नाही. तुलना कोणी करायची, वाचणाऱ्यानं?"

"मग एकेक कविता घेणं चूकच आहे का?"

"नाही. पण पहिलीत जे मुद्दे घेतलेस, तेच त्याच क्रमानं दुसरीत घे, आणि प्रत्येक ठिकाणी मागे वळून बघ."

होस्टेलवर मी पुन्हा लिहायला बसले. निवड झाली होती, तरी बसले. रूममेट पलंगावर भाषणाची तालीम करत होती.

"आता काहून लिहून राहिली वं? झालं ना सगळं."

"तुले काय करायचं आहे?"

"काही नाही. जळण्याचा वास येऊन राहिला म्हणून विचारलं."

लिहून झालं तेव्हा ते पान मी तिच्या उशीवर आपटलं. तिनं वाचलं आणि पुन्हा तालमीला लागली. ते मला जास्त लागलं.

चर्चासत्रात ती छान बोलली. इतकी छान की मी खुर्चीचा हात धरून बसले होते. मग मागून एका बाईंनी विचारलं, "आई शेवटी लेकराला हात का लावत नाही?"

उत्तर तिच्या निबंधात होतं, पण तुटून. हात एका परिच्छेदात, शेवट तिसऱ्यात. कडव्याकडव्यानं त्या हातांत साठत गेलेलं तिखट सलग कुठंच दिसत नव्हतं. ती अडखळली. मग सरळ माझ्याकडे बोट केलं.

"हे हिनं लिहिलं आहे. आईची कविता एका दमात घेतली तर कळते. ये वं इकडे."

मी गेले. सांगितलं: पहिल्या कडव्यात हात निवडतात, मग चुरचुरतात, मग डोळ्यांपर्यंत जातात, म्हणून शेवटी धुऊनही ती लेकराला शिवत नाही. खाणीतला बाप मात्र काळ्या हातांनीच पोराला उचलतो. मागे वळून बघितलं, सरांनी सांगितल्यासारखं.

बाईंनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकानं आभार मानले ते निबंध वाचणाऱ्या विद्यार्थिनीचे, नाव घेऊन, तिचंच.

जागेवर येऊन बसले. ती शेजारी येऊन बसली आणि माझ्यापुढं पाण्याची बाटली धरली. मला तहान लागली होती. मी घेतली नाही.