बारदान्याचं अक्षर

अंजनाबाई शहारेंनी आयुष्यात जितकी नावं लिहिली तितकी गोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या मास्तरनेही लिहिली नसतील. फरक इतकाच, की ती सगळी एकाच माणसाची होती.

गोंदिया रोडवरच्या राइस मिलमध्ये त्या एकतीस वर्षं पोत्यांवर मार्का मारायच्या. तांदूळ भरलेलं पोतं पुढ्यात आलं की त्यावर अक्षरं कापलेला पत्रा ठेवायचा, शाईचा ब्रश वरून ठोकायचा, पत्रा उचलायचा. पोत्यावर मिलमालकाचं नाव, खाली लॉट नंबर, साल. ब्रश ठोकायचा, घासायचा नाही. घासला तर शाई पत्र्याखाली शिरते आणि नावाला दाढी येते. पहिल्या वर्षी अंजनाबाईंनी सेठच्या नावाला इतक्या दाढ्या आणल्या, की मुकादम म्हणायचा, "सेठले साधू करून सोडलं बाईनं."

पुढे मार्क्याचे पत्रे कापणारा माणूस मिल सोडून गेला, तेव्हा छिन्नी-हातोडी त्यांनीच उचलली. लाकडाच्या ओंडक्यावर पत्रा ठेवून अक्षर कापता कापता त्यांना एक गोष्ट कळली. अक्षराच्या पोटाला आधार लागतो. 'व'ची गोल रेघ पूर्ण कापली की तिच्या आतला पत्र्याचा तुकडा टपकन पडतो, आणि उरतं एक भोक. म्हणून रेघ मध्येच दोन ठिकाणी न कापता सोडायची. त्या सोडलेल्या जागेला मिलमधल्या बाया 'जोड' म्हणत. जोड बारीक ठेवला तर पन्नास पोत्यांत वाकतो, जाड ठेवला तर अक्षर खातो.

त्यांचे यजमान देवीदास त्याच मिलमध्ये हमाली करत. ते गेले तेव्हा मुलगा बुद्धभूषण सातवीत होता. त्याचं दप्तर अंजनाबाईंनी रिकाम्या पोत्याचं शिवलेलं होतं. कापड आत-बाहेर करायचं राहून गेलं आणि मिलचा मार्का पाठीवर आला. वर्गातल्या पोरांनी त्याचं नाव 'बारदाना', म्हणजे रिकामं पोतं, असं ठेवलं. दहावीपर्यंत ते त्याला चिकटून राहिलं. आज तो शाळेत शिक्षक आहे, पण तो शब्द ऐकला की अजूनही त्याची मान खाली जाते.

तर या शहारेंचं नवं घर झालं. स्लॅबचं, दोन खोल्या आणि पुढे लोखंडी फाटक. बुद्धभूषण म्हणाला, "माय, फाटकावर तुझं नाव लावू. नागपूरले पाहिलो मी. स्टीलच्या पत्र्यात आरपार कापते अन् मागून लाइट लावते. नाव चमकते नुसतं."

अंजनाबाईंनी मान हलवली. नाव आपलं, पत्र्यात कापलेलं. हे त्यांना पटण्यासारखंच होतं.

गोंदियाला छोटेलालचं दुकान होतं. दुकानात एक कॉम्प्युटर, मागच्या शेडमध्ये लेझरची मशीन. सून दीप्तीही सोबत आली. छोटेलालने पडद्यावर 'अंजना देवीदास शहारे' वीस तऱ्हांनी लिहून दाखवलं. बुद्धभूषणला एक फॉन्ट फार आवडला. वेलीसारखा, बारीक-जाड वळणांचा, तिन्ही शब्दांवर लांबच लांब अखंड शिरोरेषा.

"ये रॉयल लुक है सर," छोटेलाल म्हणाला. "बडे बडे बंगलों पे यही जाता है."

अंजनाबाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा वर केला.

"याचे जोड कोठी हायेत?"

"क्या कोठी, माताजी?"

"जोड. हे 'व'चं पोट कायले धरून राहीन? अन् 'स'च्या वरचा हा तुकडा? अन् ही रेघ अशी सरळ कापली तर खालचा पत्रा जिभेवानी लोंबकळन."

छोटेलाल हसला. "माताजी, ये कंप्यूटर है. सब संभाल लेता है."

"संभालते का?"

"हम रोज काटते हैं."

"नावं कापता का अंग्रेजी?"

"ज्यादातर अंग्रेजी," छोटेलालने कबूल केलं. "और मराठी अक्षर अलग से काटके चिपकाते हैं. आरपार वाला पहली बार है."

"माय, तू बस ना तिकडे," बुद्धभूषण हळूच म्हणाला. "हे मिलचं काम नोहे."

अंजनाबाई बसल्या. बसल्या, पण दीप्तीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पडन. पाह्य तू."

चार दिवसांनी ते प्लेट आणायला गेले. छोटेलालचं तोंड जांभूळ खाल्ल्यासारखं झालं होतं. प्लेट टेबलावर होती. 'व'च्या जागी एक मोठं भोक होतं. 'स'चा वरचा भाग सफा. अखंड शिरोरेषेखाली अक्षरांच्या मधल्या पट्ट्या वर कशालाच धरून नव्हत्या, त्यातल्या दोन तापून पुढे वाकल्या होत्या. नाव वाचायचं म्हटलं तर आधी ठाऊक असायला हवं होतं.

"परदे पे तो सब ठीक था," छोटेलाल म्हणाला.

"पडद्यावर काळं काळ्याच्या जागी राह्यते अन् पांढरं पांढऱ्याच्या," अंजनाबाई म्हणाल्या. "पत्र्याले वजन असते, बाबू."

त्या उठून शेडमध्ये गेल्या. मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये हात घातला आणि चिंचोक्याएवढा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हे घ्या. देवीदासचं पोट."

दीप्तीला हसू आवरेना. बुद्धभूषणने तिच्याकडे पाहिलं, तरी आवरेना.

छोटेलाल म्हणाला, अक्षरं सुटी कापून अॅक्रिलिकवर चिकटवून देतो, फॉन्ट तोच राहील. बुद्धभूषण लगेच हो म्हणणार होता.

"नाई," अंजनाबाई म्हणाल्या. "सेठच्या फाटकावर होते चिकटवलेले. उन्हाळ्यात दोन अक्षरं गळली, तर दिवाळीवरी कोणी लावले नाई. माह्या नावातलं मले काई गळू द्याचं नाई. आरपारच कापा. अक्षर मी देतो."

"तू देतो म्हणजे?"

"मार्क्याचं अक्षर. पोत्यावरचं."

बुद्धभूषणचा चेहरा पडला. बाहेर येऊन मोटारसायकलला किल्ली लावता लावता तो म्हणाला,

"माय, घराले गोदाम करून राहिली का तू? माह्या शाळेचे लोक येतीन. हेडमास्तर येतीन. काय म्हणतीन? शहारेच्या फाटकावर बारदाना टांगला म्हणतीन."

"म्हणू दे."

"तुले काऊन समजत नाई? मी दहावीवरी तेच ऐकलो."

दप्तराची गोष्ट अंजनाबाईंना ठाऊक होती. ते नाव पडलं त्या दिवशी पोराने दप्तर नाल्यात टाकलं होतं, आणि त्यांनी ते काढून धुऊन, उलटं करून पुन्हा शिवलं होतं.

"समजते," त्या म्हणाल्या. "दप्तर उलटं केलो तवा माहं चुकलं. ते सुलटंच ठेवाले पाह्यजे होतं. आता उलटं करत नाई मी."

त्या रविवारी त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून अंगणात पसरली. पट्टी, पेन्सिल, आणि गोलासाठी चहाची कपबशी. दीप्तीने पानं धरली. अंजनाबाईंनी उभ्या, ठसठशीत अक्षरांत आपलं नाव काढलं. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगळी, मध्ये बोटभर जागा. 'व'च्या पोटाला दोन जोड, एक वर, एक खाली.

"एक नाई चालत का, आई?" दीप्तीने विचारलं.

"एकावर पोट झुलते. हवा आली का हाललं."

'स'ला जोड कुठे द्यायचा यावर त्या बराच वेळ अडल्या. तीनदा खोडलं. इतकी वर्षं जे नाव कापलं त्यात 'स' नव्हताच. शेवटी आडव्या रेघेत दंडाजवळ एक आणि वर शिरोरेषेत एक असे दोन जोड ठेवले, लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. आता धरते."

बुद्धभूषण आतल्या खोलीत पेपर तपासत बसला होता. एकदाही बाहेर आला नाही. पण सोमवारी दीप्तीने गुंडाळी हातात दिली, तेव्हा ती घेऊन तोच गोंदियाला गेला. छोटेलालने पानांचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर रेघेवर रेघ ओढून घेतली. निघताना बुद्धभूषणने अंजनाबाईंचा निरोप बजावून सांगितला. जोड पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवा, कमी नाही. आणि आधी पुठ्ठ्यावर कापून पाहा.

पुठ्ठ्यातून काही पडलं नाही. मग स्टीलमधूनही पडलं नाही.

गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर वाटली. शाळेचे शिक्षक आले, हेडमास्तर आले. समोरच्या मोठ्या घरचे केशोरावही आले. त्यांची चाळीस एकर धानाची शेती, त्यांच्या फाटकावर पितळी वेलबुट्टीचं नाव. ते फाटकापाशीच थांबले, कमरेवर हात ठेवून.

"अंजनाबाई, हे का लावलं वं? मले वाटलं तांदळाचा ट्रक उभा हाय."

चार-पाच जण हसले. हेडमास्तरही हसले. बुद्धभूषण हातातल्या खिरीच्या वाट्यांकडे पाहत राहिला.

"बरोबर वळखलं केशोरावजी," अंजनाबाई मोठ्यानं म्हणाल्या. बोलायला त्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आल्या. "पोत्याचंच अक्षर हाय. याच अक्षरात सेठचं नाव गाड्याच्या गाड्या भरून गोदामात गेलं. नाव वाचता आलं नाई म्हणून एकबी पोतं वापस नाई आलं. एकतीस वर्सं त्यायचं लिवलो, आता माहं लिवलो. तुमच्या फाटकावर काय लिवलं हाय, ते रस्त्यावरून वाचून दाखवा बरं."

केशोरावांनी वळून आपल्या फाटकाकडे पाहिलं. वेली दिसल्या. पानं दिसली. नाव त्यांना पाठ होतं, म्हणून ते म्हणाले, "केशोराव—"

"पाठ नोका म्हणू. वाचा."

आता हसणारे दुसरीकडे हसले. केशोरावही ओशाळून हसले आणि म्हणाले, "तोंड लय झालं बाईले, घर झाल्यापासून."

"तोंड आधीपासून होतं. फाटक आता झालं."

हेडमास्तर जवळ जाऊन प्लेट निरखू लागले. 'व'च्या पोटाला बोट लावून त्यांनी ते हलवून पाहिलं. हललं नाही. "शहारे सर," त्यांनी विचारलं, "हा फॉन्ट कोणता म्हणायचा?"

अंजनाबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं होतं. मग मिटलं, आणि मुलाकडे पाहिलं.

बुद्धभूषणने वाट्या पायरीवर ठेवल्या.

"बारदाना," तो म्हणाला. एकदा पुटपुटला, आणि कोणाला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा वर्गात सांगतो तशा आवाजात. "बारदाना म्हणतात याला, सर. माझ्या मायचा आहे."